प्रतिसाद: सर्व्हे आणि डेटा क्लीनिंग पत्रात कसं मांडावं

> "भूगोलात बी.ए. केलंय. जीआयएस टेक्निशियनच्या अर्जात 'फील्ड सर्व्हे व डेटा क्लीनिंगचा अनुभव आहे' असं लिहिलंय. एवढं पुरेल का?"

नाही पुरणार. हे वाक्य प्रत्येकाच्या पत्रात असतं. त्याऐवजी एकच काम उलगडून सांगा. तुम्ही विहिरींचा सर्व्हे केलाय असं धरून नमुना देतो:

"प्रकल्पासाठी गावातल्या विहिरींची ठिकाणं मोबाइल जीपीएसने नोंदवली. अचूकतेचा आकडा पाच मीटरच्या आत आल्याशिवाय बिंदू घेतला नाही. दाट झाडीत तो येईना, तिथे तसा शेरा लिहिला. QGIS मध्ये काही विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसल्या. अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे भरले गेले होते. ते मूळ वहीशी ताडून दुरुस्त केले. एकाच गावाच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंगं असल्याने तक्ता नकाशाला जोडला जात नव्हता, म्हणून जनगणनेच्या ग्रामसंकेतांकावरून जोडला. मूळ फाइल तशीच ठेवून प्रत्येक बदल वेगळ्या रकान्यात नोंदवला."

नॉर्वेची गंमत नाही हं! नगरकडचा १९ अक्षांश, ७४ रेखांशाचा बिंदू उलटा भरला की खरंच तिकडे जातो. मुलाखत घेणाऱ्याने हे स्वतः निस्तरलेलं असतं, त्यामुळे तो इथे थांबतो.

शेवटची ओळ मात्र गाळू नका. साफसफाई करताना मूळ आकडेच पुसून टाकणारा माणूस कुणालाच नको असतो. मुलाखतीत "मग चुकीचे बिंदू ओळखले कसे?" हे विचारतातच, म्हणून पत्रात न केलेलं काही लिहू नका. बाकी अभ्यासक्रम, टक्केवारी बायोडाटात असतेच.