मदत हवी आहे: शोकसभेत बोलताना आवाज फुटला तर सावरायला कोणतं वाक्य ठेवू?

कळवेकरीण
रविवारी खारीगावात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बाबांची शोकसभा आहे. मी चार मिनिटं बोलणार आहे. बाबा ३४ वर्षं कळवा कारशेडला फिटर होते. सगळं लिहून झालंय, पण मोठ्यानं वाचलं की एकाच वाक्यावर आवाज जातो: "बाबा, तुमचा डबा अजून ओट्यावरच आहे." काल तिथं तीनदा अडले. अशा वेळी म्हणायला एखादं छोटं वाक्य हाताशी हवंय. मला "माफ करा" एवढंच सुचतंय.

घोडबंदरचा
ज्येष्ठमधाची काडी चघळा, आदल्या दिवशी थंड काही घेऊ नका. माझा गणपतीत बसलेला आवाज यानेच सुटला होता.

कळवेकरीण
दादा, घसा ठीक आहे. मला रडू येतं.

वाशीकर
पाठ करून टाका. काकांच्या वेळी मी वीसेक वेळा म्हटलं होतं, शेवटी शेवटी काही वाटेनासं झालं.

निवेदिका_नौपाडा
वारंवार मोठ्यानं वाचल्यानं धार बोथट होते, हे वाशीकरांचं खरं आहे. पण पाठांतरावर विसंबू नकोस. हुंदका आला की पुढचं वाक्यच आठवत नाही. कागद हातात हवाच, आणि अक्षर मोठं.

मी बरीच वर्षं अशा सभांचं निवेदन करते. "माफ करा" म्हटलं की पुढच्या रांगेतून "असू दे गं बाळा" येतं, एखादी मावशी उठून जवळ येते, आणि मग बांध पूर्ण फुटतो. सावरायच्या वाक्यात क्षमा नको, बाबा नकोत, डबा नको, "आठवण" हा शब्दही नको. तीनचार शब्दांचं, कोरडं, पुढे काय होणार एवढंच सांगणारं वाक्य हवं. तुझ्यासाठी: "मी जरा थांबते." सुरुवात म-नं केलेली बरी. ओठ मिटलेले असतात, त्यामुळे आवाज हळूच सुरू होतो. "आता" किंवा "आपण" असं स्वरानं सुरू केलं की दाटलेल्या गळ्यावर जोर येतो आणि आवाज चिरकतो.

ते म्हटलं की माइकपासून तोंड बाजूला घे, पाण्याचा एक घोट गिळ, सावकाश श्वास सोड. गिळल्यावर आवंढा क्षणभर सैल होतो, तेवढा वेळ पुरतो. मग "हं, पुढे सांगते" म्हणायचं. मोडलेलं वाक्य पुन्हा वाचायचं नाही, तिथंच परत अडशील. त्याच्या खालचं वाक्य घ्यायचं, आणि ते मुद्दाम साध्या माहितीचं लिहून ठेवायचं. उदाहरणार्थ, बाबा घरातून किती वाजता निघायचे.

कळवेकरीण
सव्वासहाला. ही दोन्ही वाक्यं कागदावर कुठं लिहू?

निवेदिका_नौपाडा
डब्याच्या ओळीच्या लगेच खाली, चौकटीत. तळाशी लिहिलीस तर त्या क्षणी डोळ्यांना सापडणार नाहीत. आणि एक सुचवते. "तुमचा डबा" ऐवजी "त्यांचा डबा" करून बघ. समोर नसलेल्या माणसाशी थेट बोलायला लागलं की गळा दाटतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कळवेकरीण
ते नाही बदलणार. ते वाक्य मला बाबांनाच सांगायचंय.

निवेदिका_नौपाडा
मग ते अगदी शेवटी ने. त्यानंतर काही बोलायचंच नसेल तर सावरायचीही गरज नाही. नमस्कार करून खाली बस.

वाशीकर
हे मला पटत नाही. शेवटी रडलं तर लोकांच्या मनात तेवढंच राहतं, बाबांचं काम मागं पडतं. मी मधेच ठेवलं असतं.

निवेदिका_नौपाडा
तसंही करतात. मधे ठेवलंस तर कागदाची दुसरी प्रत पहिल्या रांगेत कुणाकडे तरी दे. दोनदा थांबूनही जमलं नाही, तर "पुढचं दादा वाचेल" म्हण आणि कागद खाली ठेव. कागद खाली ठेवला की त्यानं उठायचं, ही खूण आधीच ठरवा.

कळवेकरीण
आज उभं राहून आईसमोर वाचलं. "मी जरा थांबते" नीट निघालं, घोट घेतला, सव्वासहाच्या ओळीला लागले. पण नवीनच ठिकाणी अडले. बाबा गाडीचा आवाज ऐकून घरबसल्या बिघाड ओळखायचे, तिथं. यापूर्वी तिथं कधीच काही झालं नव्हतं.

निवेदिका_नौपाडा
आई समोर होती म्हणून असेल. तिथंही चौकट कर. रविवारी आईकडे बघू नकोस, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ.

कळवेकरीण
करते. दादा मात्र वाचणार नाही म्हणतोय, त्यालाही रडू येईल. शेजारच्या काकू शाळेत शिकवायच्या. त्यांना प्रत द्यायला आता जाते. डब्याचं वाक्य मधे ठेवू की शेवटी, ते अजून ठरत नाहीये.