मदत हवी आहे: युरेनियम-२३८ ची साखळी काढली, पण शेवट शिशाऐवजी पाऱ्यावर येतोय

धंतोलीची_आई

नमस्कार. मुलगी बारावीला आहे. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती युरेनियमच्या किरणोत्सारी साखळीचा तक्ता करून राहिली आहे. सीताबर्डीवरून मोठा आलेख कागद आणला. उभ्या अक्षावर अणुवस्तुमानांक घेतला, आडव्या अक्षावर अणुअंक. अल्फाचा बाण लाल, तो चार घरं खाली आणि दोन घरं डावीकडे. बीटाचा निळा, तो त्याच ओळीत एक घर उजवीकडे.

युरेनियम-२३८ पासून सुरू केलं. एक लाल, मग दोन निळे, मग सलग पाच लाल, मग दोन निळे, मग दोन लाल. शेवटचा ठिपका २०६ च्या ओळीवर येतो, तो बरोबर आहे म्हणते. पण अणुअंक ८० येतो आणि ८० म्हणजे पारा. पुस्तकात शेवट शिशावर, म्हणजे ८२ वर आहे. सरांनी नुसती लाल फुली मारून कागद परत दिला. मी बँकेत काम करते, मला यातलं काही कळत नाही, पण पोरगी रात्री दोनपर्यंत बसली होती. परवा द्यायचं आहे. चूक नेमकी कुठे झाली, कुणी सांगाल का?

रामदासपेठ_अभय

ताई, हिशोब सोपा आहे. २३८ मधून २०६ गेले, राहिले ३२. एका अल्फात ४ जातात, म्हणून ८ अल्फा. तिचे लाल बाण आठच आहेत, तेवढं बरोबर. आता अणुअंक ९२ चा ८२ झाला, फरक १०. म्हणजे बीटा १० हवेत. तिने ४ काढले, अजून ६ काढायला सांगा.

निवृत्त_मास्तर

अभयराव, अल्फा बरोबर मोजलेत, बीटा चुकले. अल्फा फक्त वस्तुमानांक कमी करत नाही, अणुअंकही दोनाने खाली नेतो. आठ अल्फांनी ९२ चे ७६ होतात. तिथून ८२ ला यायला सहा पायऱ्या वर चढाव्या लागतात, म्हणून बीटा सहा. तुमचे दहा घेतले तर साखळी ८६ वर, म्हणजे रेडॉनवर जाऊन थांबेल.

ताई, मुलीचे चार आहेत, दोन राहिले. कुठले राहिले ते तिच्याच कागदावर सापडेल. अणुअंक ८२ ची उभी रेषा पेन्सिलीने गडद करायला सांगा. ही साखळी त्या रेषेवर तीनदा उतरते: शिसे-२१४, शिसे-२१० आणि शेवटी शिसे-२०६. पहिल्यांदा उतरल्यावर तिने दोन निळे बाण काढून बिस्मथ-२१४ आणि पोलोनियम-२१४ गाठलं, मग लाल बाणाने शिसे-२१०. इथवर सगळं बरोबर. पण शिसे-२१० वरून तिने थेट लाल बाण मारला. तिथे पुन्हा दोन निळे हवेत: आधी बिस्मथ-२१०, मग पोलोनियम-२१०, आणि मग शेवटचा लाल.

कारणही सांगतो, म्हणजे तिला पाठ करावं लागणार नाही. युरेनियम-२३८ मध्ये एका प्रोटॉनमागे साधारण १.५९ न्यूट्रॉन आहेत, शेवटच्या शिशात १.५१. अल्फा दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सारखेच घेऊन जातो, त्यामुळे उरलेल्यात न्यूट्रॉनचं पारडं आणखी जड होतं. पहिल्याच अल्फानंतर १.५९ चे १.६० होतात. हे पारडं उतरवायचं काम बीटाचं, कारण त्यात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. म्हणूनच निळा बाण वस्तुमानांकाला हात लावत नाही आणि अणुअंक एकाने वाढवतो. शिसे-२१० मध्ये हे प्रमाण १.५६ आहे, म्हणजे अजून जास्तच.

महाल_सतीश

माझ्या मुलाचं तर वेगळंच येऊन राहिलं. त्याच्या टेस्टमध्ये ६ अल्फा आणि ४ बीटा हे उत्तर बरोबर दिलंय, आणि त्याच्या साखळीत रेडॉन-२२० आहे. मग ताईंच्या मुलीचा रेडॉन २२२ कसा? मला वाटते तिची चूक तिथंच आहे.

निवृत्त_मास्तर

सतीशभाऊ, तुमच्या मुलाचा प्रश्न थोरियम-२३२ चा असणार. ती निराळी साखळी आहे, शिसे-२०८ वर संपते. तिथे ६ आणि ४ बरोबर आहेत: २४ भागिले ४ म्हणजे सहा, आणि ९० उणे १२ अधिक ४ म्हणजे ८२. दोन्ही पोरं आपापल्या जागी बरोबर आहेत.

पण तुमच्या शंकेतून एक चाळणी मिळते. बीटाने वस्तुमानांक बदलत नाही आणि अल्फाने चारानेच बदलतो. म्हणून एका साखळीतल्या प्रत्येक अणूच्या वस्तुमानांकाला चारने भागलं तर बाकी एकच राहते. थोरियमच्या साखळीत बाकी ०, युरेनियम-२३८ च्या साखळीत २. कागदावर २२० किंवा २०७ दिसला की समजायचं, दुसऱ्या साखळीतला अणू घुसला. मात्र ताई, तुमच्या मुलीची चूक या चाळणीत अडकली नसती. २०६ ची बाकी २ च येते. ती अणुअंकाच्या बाजूनेच पकडावी लागते.

धंतोलीची_आई

मास्तर, फार उपकार झाले. तिने ८२ ची रेषा गडद केली आणि पाच मिनिटांत स्वतःच ओरडली, "आई, इथे!" शिसे-२१० च्या ठिपक्यावर खोडरबरने कागद पातळ झालाय, पण आता सहा निळे झाले आणि शेवट ८२ वर आला.

आता ती विचारते, शिसे-२१० वरून अल्फा जातच नाही का? म्हणजे तिने काढलेला पारा-२०६ निसर्गात होतच नाही?

निवृत्त_मास्तर

चांगला प्रश्न विचारला पोरीने. होतो. दहा कोटी शिसे-२१० अणूंमागे साधारण दोन अणू अल्फा टाकतात आणि पारा-२०६ होतात. पण तो पारा टिकत नाही, त्याचं अर्धायुष्य आठ मिनिटांच्या आसपास आहे. तो बीटा टाकून थॅलियम-२०६ होतो, आणि तोही बीटा टाकून शिसे-२०६. तिचा कागद त्या वाटेनेही अपुरा होता, दोन निळे बाण पुढे हवेच होते.

कागदावर दोन्ही वाटा काढून बघायला सांगा. एक वाट आधी दोन घरं उजवीकडे जाऊन मग तिरकी खाली येते, दुसरी आधी तिरकी खाली जाऊन मग दोन घरं उजवीकडे. समांतरभुज चौकोन तयार होतो आणि दोन्ही वाटा एकाच ठिपक्यावर मिळतात. वाट कुठलीही धरा, आठ आणि सहा हा हिशोब बदलत नाही.

रामदासपेठ_अभय

माझी चूक कळली, मास्तर. पण ताई, तो चौकोन तक्त्यावर काढू नका. दहा कोटीत दोन म्हणजे नगण्य. बघणाऱ्याला दोन्ही वाटा सारख्याच वाटतील आणि गोंधळ होईल.

निवृत्त_मास्तर

तुटक रेषेने काढला आणि शेजारी "दहा कोटीत दोन" असं लिहिलं तर का नाही? बिस्मथ-२१४ लाही अशी छोटी फाट आहे, दहा हजारांत दोनेक अणूंची. सगळ्या फाटा काढल्या तर कागद भरून जाईल हे खरं. पण ही एक तिने चुकून का होईना, स्वतः शोधलेली आहे.

महाल_सतीश

मास्तर, अल्फाचा बाण लांब आणि बीटाचा आखूड, तर लांबीवरून वेळ कळते का? मुलगा म्हणतो, लांब बाण म्हणजे जास्त वेळ.

निवृत्त_मास्तर

नाही भाऊ. बाणाच्या लांबीत फक्त घरं मोजलेली असतात. पोलोनियम-२१४ चा लाल बाण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत होतो आणि युरेनियम-२३८ च्या तितक्याच लांब बाणाला अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षांचं. वेळ दाखवायची तर ठिपक्याशेजारी लिहावी लागते.

धंतोलीची_आई

वेळा लिहायला बसलीय आता. चौकोनाचं तिचं आणि तिच्या मैत्रिणीचं भांडण सुरू आहे. मैत्रीण अभयभाऊंच्या बाजूने आहे. तुटक रेषा सध्या पेन्सिलीनेच ठेवली आहे, उद्या रात्री शाई लावायच्या आधी ठरवतील.