क्लायंटचं नाव आणि केस स्टडी वापरायची परवानगी तुम्ही कशी मागितली? (अनुभव धागा)

हवामोजणी:
मंडळी, आमची फॅक्टऱ्यांमधल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या ऑडिटची छोटी फर्म आहे. हवा कुठे गळतेय ते अल्ट्रासॉनिक डिटेक्टरने शोधायचं, टॅग लावायचे, दुरुस्ती झाली की परत मोजायचं, असं काम. नवीन पार्टीकडे गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आधी कुणाकडे केलंय?" चाकणला एका ऑटो कंपोनंटवाल्या कंपनीत काम खरंच छान झालं. गुरुवारच्या सुट्टीत सगळ्या मशिनी बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू केला तर दहा मिनिटांतली तीन मिनिटं तो लोडवर जात होता, म्हणजे ३० टक्के हवा काहीही काम न करता उडून जात होती. दुरुस्त्यांनंतर तेच १२ टक्क्यांवर आलं, मग सेट प्रेशरही ७.२ बारवरून ६.५ वर आणता आलं. मेंटेनन्सचे साहेब येईल त्याला कौतुकाने सांगायचे. पण मी म्हटलं वेबसाइटवर तुमचं नाव टाकू का, यावर केस स्टडी लिहू का, तर एकदम गप्प, "बघू" म्हणाले, त्याला आता बरेच दिवस झाले.
तर ज्यांनी अशी परवानगी मागितलीय, किंवा ज्यांच्याकडे कुणी मागायला आलंय, त्यांनी लिहा. कुणाला विचारलंत, काय शब्दांत, आणि हातात काय पडलं?

सडेतोड:
परवानगी कशाला पाहिजे? काम केलंय, पीओ आहे, बिल आहे, खोटं थोडीच बोलताय. मी लोगो डाउनलोड करतो आणि ब्रोशरवर टाकून मोकळा होतो, आजवर कुणी चकार शब्द काढला नाही. विचारायला गेलं की माणूस विनाकारण सावध होतो आणि मग नाहीच म्हणतो.

काळाकोट:
सडेतोड, अर्धं बरोबर आहे तुमचं. दुसऱ्याचं नाव खरी माहिती देण्यापुरतं प्रामाणिकपणे वापरायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये थोडीफार मोकळीक आहे. पण तुमचा घोळ ट्रेडमार्कमध्ये नाही, करारात आहे. मोठ्या कंपनीच्या पीओच्या मागे बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असतात, नाहीतर एका लिंकवर असतात, तिथे बहुतेक वेळा एक ओळ सापडतेच की आमच्या लेखी संमतीशिवाय आमचं नाव, लोगो किंवा हा व्यवहार जाहिरातीत वापरायचा नाही. पीओ स्वीकारलात की तुम्ही त्याला हो म्हटलंत. आजवर कुणी बोललं नाही याचा अर्थ एवढाच की रिन्यूअलच्या वेळी वाटाघाटीत बोट ठेवायला त्यांच्याकडे एक जागा तयार आहे. शिवाय जाहिरातींसाठी एएससीआयची जी संहिता आहे तीही सांगते की एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावाचा अवाजवी फायदा तिच्या परवानगीशिवाय जाहिरातीत घ्यायचा नाही.
बाकी आम्हा वकिलांना हा प्रश्नच पडत नाही हो. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे जाहिरातच बंद, २००८ साली वेबसाइटला मोकळीक मिळाली ती नाव, पत्ता, शिक्षण, प्रॅक्टिसचे विषय एवढ्यापुरती. अशिलांची नावं टाकून मिरवणं आमच्या नशिबात नाही.

माईआजी:
रेफरन्स मागायला लाजायचं काय त्यात! माझ्या भाच्याने कॉलेजच्या सरांना सरळ फोन केला, त्यांनी चांगलं पत्र दिलं, नोकरी लागली. फक्त त्या माणसाला आधी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे पुढून फोन आला की तो गोंधळत नाही.

हवामोजणी:
माईआजी, मी कंपनीच्या रेफरन्सबद्दल विचारतोय, नोकरीच्या नाही. पण शेवटचं वाक्य आमच्याकडेही तंतोतंत लागू पडतं, धन्यवाद.

पर्चेसवाली:
मी बरीच वर्षं ऑटो कंपोनंट कंपनीत पर्चेसला होते, म्हणजे टेबलाच्या पलीकडे, त्यामुळे ते साहेब गप्प का झाले हे मी सांगू शकते. त्यांना तुमचं काम आवडलं नाही असं अजिबात नाही.

एक तर ३० टक्के हा आकडा. तुम्हाला त्यात तुमचं यश दिसतं, त्यांच्या प्लांट हेडला त्यात दिसतं की इतकी वर्षं माझ्या प्लांटमध्ये तीस टक्के हवा फुकट जात होती आणि ते आता जगजाहीर होणार. ज्या मेंटेनन्सच्या माणसाने तुम्हाला आत घेतलं त्याच्याच कारकिर्दीतली गळती आहे ती. तो सही कशी देईल?

दुसरं कारण बाहेरच्या लोकांना चटकन सुचत नाही. या कंपन्यांचं गिऱ्हाईक म्हणजे गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या, आणि त्यांचे बायर दर वर्षी कॉस्ट डाऊन मागतात, भाव इतके टक्के कमी करा म्हणून मागेच लागतात. तुमच्या केस स्टडीत "वीजबिलात इतक्या लाखांची बचत" असं छापून आलं की बायर तो कागद घेऊन मीटिंगला बसतो, बचत झालीय ना, मग त्यातला आमचा वाटा कुठाय? मी स्वतः अशा मीटिंगमध्ये बसलेय, तिथे व्हेंडरच्या ब्रोशरमधला रुपयाचा आकडा आमच्याच अंगावर आला होता. तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला, बचतीचा आकडा बाहेर जाणार नाही.

म्हणून मागताना "केस स्टडी करू का" असं मोघम मागू नका. त्यात नाव, लोगो, आकडे, फोटो, साहेबांचं वाक्य असं सगळं एका गाठोड्यात येतं आणि त्यातलं एक जरी नको असलं तरी अख्ख्या गाठोड्याला नाही मिळतं. सुटं सुटं मागा. आम्हाला सगळ्यात सोपं काय जायचं तर खासगीतला फोन, म्हणजे तुमचं नवीन गिऱ्हाईक आमच्या माणसाला फोन करणार, तो दहा मिनिटं बोलणार, कुठे काही छापलं जाणार नाही. याला मेंटेनन्स हेड स्वतःच्या अखत्यारीत हो म्हणू शकतो. क्लायंट यादीत नुसतं नाव टाकायचं तर पर्चेसला विचारावं लागतं. लोगो आला की कॉर्पोरेट कम्युनिकेशनवाले आले, त्यांचे रंगाचे आणि मोकळ्या जागेचे नियम आले. आणि आकड्यांसकट केस स्टडी म्हणजे लीगलची फेरी पक्की, तिथे कागद महिनोन्महिने पडून राहतो. तुम्ही ज्याला विचारलंत त्याच्या हातात जे नव्हतं तेच नेमकं मागितलंत, मग तो "बघू" म्हणणार नाही तर काय करणार.

भिंतरंग:
माझं क्षेत्र वेगळं, ठाण्यात घरांची इंटिरियर्स करते. माझे क्लायंट म्हणजे कुटुंबं. बाई हो म्हणतात, फोटो काढून होतात, आणि मग रात्री त्यांच्या मिस्टरांचा मेसेज येतो की बेडरूमचे काढून टाका. त्यामुळे आता फोटो काढायच्या आधी दोघांनाही एकाच मेसेजमध्ये विचारते, कुठल्या खोल्या, सोसायटीचं नाव द्यायचं की फक्त "ठाण्यातला टू बीएचके", इन्स्टावर की फक्त माझ्या लॅपटॉपवर दाखवायला. देव्हारा आणि मुलांचे फोटो फ्रेममध्ये घेतच नाही. खिडकीतून समोरची इमारत दिसली तरी लोक पत्ता ओळखतात हे मला एका क्लायंटनेच दाखवलं.

सडेतोड:
बरं, मग नाव न देता लिहा की. "चाकणमधली एक नामवंत कंपनी". विषय संपला.

पर्चेसवाली:
नाही संपत. "चाकण, ब्रेकचे पार्ट, इतके कॉम्प्रेसर" एवढं लिहिलंत की त्या धंद्यातला माणूस दोन मिनिटांत ओळखतो, आणि नाव न सांगता उघडं पाडलं म्हणून कंपनी जास्त चिडते. नाव काढायचं तर गाव, पार्ट आणि मशिनींची संख्याही काढा. आणि तरीही ड्राफ्ट त्यांना दाखवाच.

ठेकेदार_नाशिक:
सरकारी कामात ही कटकटच नाही. टेंडर भरताना काम पूर्ण केल्याचा दाखला जोडावा लागतो म्हणून काम संपलं की आम्ही खात्याकडे अर्ज टाकतोच. फक्त तो घ्यायचा असेल तर ज्या इंजिनियरने काम पाहिलं त्याची बदली व्हायच्या आत घ्या, नवीन साहेब फाईल बघून सही करायला तयार होत नाही. मात्र तो दाखला टेंडरसाठी असतो, ब्रोशरवर छापायचा की नाही ते मलाही माहीत नाही, मी छापत नाही.

हवामोजणी:
पर्चेसवाली ताई, तुमचं वाचून सगळं नव्याने मांडलं. आधी साहेबांना भेटून फक्त फोनचं विचारलं, महिन्यात दोनच्या वर फोन येणार नाहीत आणि प्रत्येक फोनच्या आधी मी मेसेज टाकेन असं सांगितलं. जागच्या जागी हो म्हणाले. वर त्यांनीच पर्चेस मॅनेजरचा मेल आयडी दिला. मेल इंग्रजीत केला, मजकूर साधारण असा:

"आपल्या प्लांटमध्ये आम्ही हवेच्या गळतीचं ऑडिट केलं. आमच्या वेबसाइटच्या क्लायंट यादीत आपल्या कंपनीचं फक्त नाव, लोगोशिवाय, देण्याची परवानगी हवी आहे. सोबत कामाचं वर्णन एका ओळीत असेल: कॉम्प्रेस्ड एअर लीकेज ऑडिट. कुठलाही आकडा, फोटो किंवा व्यक्तीचं नाव नसेल. पानाचा नमुना जोडला आहे. परवानगी दोन वर्षांसाठी, आणि आपण कळवल्यास सात दिवसांत नाव काढून टाकू. मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्यावं."

उत्तर आलं, मान्य, पण "लीकेज ऑडिट"च्या जागी "सर्व्हिसेस" लिहा म्हणाले. म्हणजे लीकेज शब्दही गेला! तरी नाव मिळालं. आकड्यांची केस स्टडी वेगळी लिहिलीय, नावाशिवाय, गाव आणि पार्ट काढून, त्यात ३० ते १२ आहे, आणि तो ड्राफ्ट साहेबांकडे आहे.

काळाकोट:
मेल छान. दोन वर्षांची मुदत आणि नाव काढायची हमी, यावरच लीगलवाल्यांचा जीव भांड्यात पडतो. तो मेल पीडीएफ करून ठेवा, मॅनेजर नोकरी सोडून गेला की त्याचा हो त्याच्याबरोबर जातो. पुढे साहेबांचं वाक्य किंवा फोटो वापरायचा झाला तर कंपनीची परवानगी वेगळी आणि त्या माणसाची वेगळी. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संमती त्या व्यक्तीचीच लागते आणि ती त्याला मागे घेता येते.

कोडकुंभार:
सॉफ्टवेअरवाला आहे, आमच्याकडे वेगळी पद्धत. परवानगी काम झाल्यावर मागतच नाही, कोटेशनमध्येच दोन भाव देतो, नाव वापरायला दिलं तर ५ टक्के कमी. करारातच येतं, मग लीगलची वेगळी फेरी नाही.

पर्चेसवाली:
हे मला पटत नाही. काम सुरू व्हायच्या आधीच कौतुक विकत घेतल्यासारखं होतं, आणि रेफरन्सच्या फोनवर समोरच्याने विचारलं की तुम्हाला काही सूट मिळाली होती का, तर तो काय सांगेल? नुसत्या नावासाठी एकवेळ ठीक, बोलण्यासाठी नको.

कोडकुंभार:
सांगेल की मिळाली. लपवायचं काय त्यात? पर्चेसवाले तर सूट दिल्याशिवाय पेनही उचलत नाहीत 😄

पर्चेसवाली:
तेही खरंय म्हणा. पण हवामोजणी, तुमच्या ड्राफ्टमध्ये एक बघा. नाव असलेल्या पानावर आकडे नाहीत, आकडे असलेल्या पानावर नाव नाही, ठीक. पण ७.२ वरून ६.५ बार हे तुम्ही बिननावाच्या केस स्टडीत लिहिलंय का? आणि वेबसाइटवर तुमचे ऑटोतले क्लायंट किती आहेत? एकच असेल तर दोन्ही पानं शेजारी ठेवून कुणीही जुळवेल.

हवामोजणी:
ऑटोतला एकच आहे सध्या. दुसरा येईपर्यंत केस स्टडी वेबसाइटवर न टाकता फक्त समोरासमोर दाखवावी का? की "ऑटो" शब्दच काढून नुसतं "इंजिनियरिंग कारखाना" लिहू? कुणी असं केलं असेल तर सांगा.