डायल पॅडचा टोन आणि कीबोर्डची टकटक बंद करायची आहे, पण मग '१ दाबा' चालेल का? (मदत हवी आहे)

चिडकी_चिमणी:
मंडळी पटकन सांगा, डोकं फिरलंय. फोनमधले बटणांचे सगळे आवाज बंद करायचेत. सेटिंगमध्ये जाऊन बंद केले तरी टाइप करताना टकटक चालूच आहे. दुसरं म्हणजे काल डायल पॅडचा टोन बंद केला आणि आज कस्टमर केअरला फोन लावला तर '१ दाबा' म्हणतात तिथे १ दाबून दाबून बोट दुखलं, तरी ती बाई म्हणतेय "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही". म्हणजे टोन चालूच ठेवायचा का? मग बंद करायचं बटण देतात कशाला? आणि मुळात हे आवाज हवेतच कशाला, मी काय दाबलं ते मला दिसतंय की.

सोमवारकर:
ताई, कॉलर ट्यून बंद करायची असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन काढा, नाहीतर पैसे कापत राहतात. माझे पण कापले होते.

चिडकी_चिमणी:
अहो कॉलर ट्यून कुठून आली मध्येच? बटणांचा आवाज म्हणतेय मी.

ठाम_मत:
उत्तर सोपं आहे, टोन चालू करा. प्रत्येक आकड्याला ठरलेला सूर असतो, तो स्पीकरमधून निघतो, माइक पकडतो आणि पलीकडचं यंत्र ऐकून ओळखतं. तुम्ही सूरच बंद केला तर त्या यंत्राला कळणार कसं? पूर्वी आमच्याकडे खिशात मावणारी एक डबी होती, रिसीव्हरच्या तोंडाशी धरून बटणं दाबायची आणि आन्सरिंग मशीनवरचे निरोप लांबून ऐकायचे. स्वतः वापरलेली आहे, ऐकीव नाही.

मधली_कडी:
ठाम_मत, डबीचं अगदी खरं आहे, पण ती लँडलाइनची गोष्ट. तिथे तारेतून आवाजच जात असल्यामुळे तोंडाशी वाजवलेला सूरही चालायचा. मोबाइलवर तसं होत नाही. चालू कॉलमध्ये १ दाबलं की फोन नेटवर्कला नुसता '१ दाबलंय' एवढा निरोप पाठवतो. पलीकडच्या यंत्राला सूर हवा असेल तर तो पुढे नेटवर्कमध्ये तयार होतो. तुमच्या कानाला ऐकू येतो तो वेगळा, खास तुमच्यासाठी वाजवलेला. नंबर लावतानाचं तर विचारूच नका, तिथे हिरवं बटण दाबेपर्यंत फोनबाहेर काहीच जात नाही. म्हणून टोन बंद केल्याने '१ दाबा' बंद पडायला नको.

चिमणी, तीन गोष्टी सांगा. फोन कुठला? नेमकं काय काय बंद केलंत? आणि कॉल कशावरून लावताय?

चिडकी_चिमणी:
अँड्रॉइड आहे. डायल पॅडवालं बंद केलं आणि टचवालं बंद केलं. आणि कॉल फोनवरूनच लावणार ना, अजून कशावरून लावणार??

जुना_बोर्ड:
मला लँडलाइनवर हेच झालेलं. बटणांचा फोन होता पण खाली P आणि T अशी बारीक कळ होती आणि ती P वर राहिलेली. नंबर लागायचा पण '१ दाबा' काही केल्या चालायचं नाही, बटण दाबलं की नुसतं कट कट कट. कळ T वर सरकवल्यावर चालायला लागलं. तुमच्या फोनला मागे कळ आहे का बघा.

चिडकी_चिमणी:
मोबाइलला मागे कॅमेरा आहे फक्त 🙏

मधली_कडी:
टकटकीचं आधी निपटवू. हे आवाज एका बटणाने जात नाहीत, तिघांचे मालक वेगळे आहेत. `Sound & vibration` मध्ये `Dial pad tones` आणि `Touch sounds` असतात (काही फोनमध्ये नावं जरा वेगळी दिसतील). ते दोन्ही तुम्ही बंद केलेत. कीबोर्ड मात्र वेगळं ॲप आहे आणि त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये राहतो. गुगलचा असेल तर कीबोर्डवरच्या चाकातून आत जा, `Preferences` मध्ये `Sound on keypress` बंद करा. तिथेच व्हॉल्यूमची पट्टीही आहे, नुसता कमी करायचा असेल तर.

काचेरी:
आयफोनवाल्यांसाठी: `Sounds & Haptics` मध्ये `Keyboard Feedback`. कोणी विचारलं नाही माहितीये, पण विचारतीलच.

चिडकी_चिमणी:
गेली टकटक!! धन्यवाद मधली_कडी. पण १ दाबायचं तसंच आहे.

अंधुक_उजेड:
'हवेतच कशाला' याचं उत्तर मी देते, कारण माझी नजर खूपच कमी आहे आणि तुम्हाला दिसतं म्हणून सगळ्यांना दिसतं असं नाही. जुन्या फोनला बटण खाली जायचं, बोटालाच कळायचं की दाबलं गेलं आणि ५ वर छोटा उंचवटा असायचा. काचेवर सगळीकडे एकच गुळगुळीत, बोट टेकलं की नुसतं घासलं ते समजत नाही. मग कान तेच काम करतो. डायल पॅडचा फायदा असा की प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा, त्यामुळे रोजचा नंबर चुकला तर मला चाल बिघडल्यासारखं कळतं, आकडा वाचावा लागत नाही. टचवाला आवाज सगळीकडे एकच 'टक्', त्याने 'लागलं' एवढंच कळतं, काय लागलं ते नाही. कीबोर्डचा मधला आहे, माझ्या फोनवर अक्षराचा आवाज एक आणि खोडायच्या बटणाचा वेगळा, त्यामुळे न बघता कळतं की मी लिहितेय का खोडतेय.

मधली_कडी:
चाल बिघडते हे फार बरोबर सांगितलंत. प्रत्येक बटण म्हणजे एकदम वाजणारे दोन सूर, एक ओळीचा आणि एक उभ्या रांगेचा. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकत्र. १, २, ३ तिघांचा खालचा सूर एकच, ६९७, बदलतो तो वरचा. हे आकडे विचित्र वाटतात कारण मुद्दाम असे निवडलेत की एक दुसऱ्याच्या पटीत येत नाही, नाहीतर माणसाच्या बोलण्यातूनच यंत्राला '५ दाबलं' असं वाटलं असतं. अमेरिकेत १९६३ मध्ये असे फोन लोकांना मिळायला लागले, तेव्हा हे सूर यंत्रासाठी होते. मोबाइलवर यंत्राची गरज सरली, कानाची सवय उरली.

ठाम_मत:
कानाची सवय वगैरे ठीक, पण मग चिमणीताईंचं १ का लागत नाही? टोन बंद केला आणि दुसऱ्या दिवशी बंद पडलं, हे कसं?

मधली_कडी:
म्हणून तर विचारत होतो कॉल कशावरून. चिमणी, एक करा. टोन बंदच ठेवा, फोनच्या नेहमीच्या डायलरमधून सिमवरून तोच नंबर लावा आणि १ दाबा. मग आज जसा लावला होतात तसाच लावा, पण टोन चालू करून. दोन्हीचं काय होतं ते लिहा.

चिडकी_चिमणी:
अरेच्चा. सिमवरून टोन बंद ठेवून लगेच लागलं, बाई म्हणाली मराठीसाठी आपला पर्याय नोंदवला. आणि ऑफिसच्या कॉलिंग ॲपमधून टोन चालू करूनही नाही. (कॉल ऑफिसच्या ॲपमधूनच लावायचे असतात आम्हाला, ते इंटरनेटवरून जातात, त्याने काय फरक पडतो?)

काचेरी:
"फोनवरूनच लावणार ना, अजून कशावरून" 😂

मधली_कडी:
सगळा फरक त्यानेच पडतो. तुमच्या फोनची `Dial pad tones` सेटिंग इथे आरोपी नाहीच. असं ॲप १ पाठवताना तीनपैकी एक वाट धरतं: आवाजाच्याच पाकिटांसोबत '१ दाबलंय' असं खास पाकीट, किंवा कॉल सांभाळणाऱ्या सर्व्हरला वेगळा निरोप, किंवा खरोखरचा सूर आवाजात मिसळून. ही तिसरी वाट असेल आणि ॲप आवाज जास्त दाबून पाठवत असेल तर सूर चेपला जातो. असं दाबणं माणसाच्या बोलण्यासाठी केलेलं असतं, दोन शुद्ध सूर एकदम वाजले की त्यांचा चुथडा होतो. तुम्हाला तो ऐकू येईलही, पण पलीकडचं यंत्र त्यात ६९७ का ७७० हे ठरवू शकत नाही आणि गप्प बसतं. पहिली वाट असेल तरी ॲप आणि सर्व्हर दोघांनी तीच धरलेली हवी, एकाने बदलली की हेच होतं.

या बटणांच्या सुरांना DTMF म्हणतात, ॲपच्या सेटिंगमध्ये `DTMF` असं काही दिसतंय का? त्यात वरच्या तीन वाटा त्याच क्रमाने `RFC 2833` किंवा `RFC 4733`, `SIP INFO`, `Inband` अशा नावांनी असतील. `Inband` वर असेल तर `RFC` वाल्यावर टाकून बघा.

चिडकी_चिमणी:
DTMF दिसतंय पण करडं आहे, बदलता येत नाही. ॲप परवा अपडेट झालंय हे आत्ता बघितलं. आयटीला तिकीट टाकलंय, आता ते कधी बघतात देव जाणे.

मधली_कडी:
तिकिटात 'बटणं चालत नाहीत' असं लिहू नका, फोन रिस्टार्ट करा म्हणून बंद करतील. लिहा की सिमवरून १ ओळखलं जातं, ॲपवरून अपडेटनंतर नाही, DTMF मोड तपासा.

ठाम_मत:
तरी माझं म्हणणं उरतंच. स्पीकरवर टाकून जोरात टोन ठेवला की माझं १ दोनदा मोजलं जातं, ११ होतं. म्हणजे माइकमधून जातोच ना सूर?

मधली_कडी:
निरोप एकदा आणि आवाजात गळालेला सूर एकदा, असं दोनदा मोजलं जाण्याचा प्रकार आहे, इंटरनेटवरच्या कॉलमध्ये तर ओळखीचा आहे. तुमच्या बाबतीत तेच होतंय का हे इथे बसून नाही सांगता येणार. स्पीकर काढून आणि टोन बंद करून बघा, तरीही ११ झालं तर कारण दुसरं.

ठाम_मत:
बघतो. पण टोन मी बंद ठेवणार नाही, सांगून ठेवतो.

काचेरी:
टोन बंद ठेवायचं एक कारण मात्र आहे, चारचौघांत स्पीकरवर पिन दाबायचा असेल तर. कोणी ते रेकॉर्ड केलं तर सुरांवरून आकडे काढणं अवघड नाही, फुकटची सॉफ्टवेअर आहेत. अँड्रॉइडवर ती सेटिंग बंद केली की चालू कॉलमधला तुमच्या बाजूचा सूरही जातो. अर्थात पलीकडे कॉल रेकॉर्ड होत असेल तर तिथे काय जातं ते आपल्या हातात नाही.

जुना_बोर्ड:
आणि बॅटरी वाचते.

काचेरी:
आवाजाने नाही वाचत काही. बटणागणिक होणारं व्हायब्रेशन बंद करा, त्याला मोटार फिरवावी लागते. तेही फार वाचेल असं नाही.

अंधुक_उजेड:
मीटिंगमध्ये टाइप करताना कीबोर्डचा आवाज बंद करा हे मात्र नक्की. फोन स्पीकरवर ठेवून त्याच फोनवर लिहिणाऱ्यांची टकटक आम्हाला बोलण्यापेक्षा मोठी ऐकू येते. त्यासाठी सायलेंटवर टाकलं तरी माझ्याकडे चालतं, टच आणि डायल पॅड दोन्ही गप्प होतात.

सोमवारकर:
सायलेंटवर टाकल्यावर कॉलर ट्यूनपण बंद होते का?

चिडकी_चिमणी:
नाही हो काका, ती फोन करणाऱ्याला ऐकू येते 🤦‍♀️ तुमच्यासाठी वेगळा धागा काढते.