ठोक्यांचा वेग, अचूकता आणि झीज

«बाबांचे एचएमटी जनता तासाला 18,000 ठोके घेते, माझे नवे घड्याळ 28,800. जास्त ठोके म्हणजे अधिक अचूक का? आणि झीज?»

अचूकतेचा फरक मनगटावर दिसतो, टेबलावर फारसा नाही. घड्याळाची लय ठरवणारे चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, जितके वेगाने डोलते तितकी त्याच्यात ऊर्जा अधिक असते, त्यामुळे दादरला गर्दीत लोकलमध्ये चढताना बसणारा हिसका त्याच्या लयीला कमी बिघडवतो आणि लय लवकर सावरते. मात्र नीट जुळवलेले 18,000 ठोक्यांचे घड्याळ निष्काळजीपणे जुळवलेल्या 28,800च्या घड्याळाला सहज मागे टाकते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

किंमत मोजावी लागते ती एस्केपमेंटमध्ये, म्हणजे कमानीची ऊर्जा ठोक्याठोक्याने बॅलन्स व्हीलला देणाऱ्या भागात. बाबांच्या घड्याळात दिवसाला 4,32,000 ठोके पडतात, तुमच्या घड्याळात 6,91,200. प्रत्येक ठोक्याला एस्केप व्हीलचा दात पॅलेटच्या माणकावर आपटून घसरतो, आणि वेग वाढला की तिथले तेल टिकवणे अवघड होते. शिवाय हा वेग राखायला ऊर्जा जास्त लागते, म्हणून मुख्य कमान तरी दणकट हवी, नाहीतर घड्याळ लवकर थांबते.

तेल सुकल्याचे लक्षण वेळ चुकण्याआधी बॅलन्स व्हीलच्या झोक्यात दिसते. पूर्ण चावी दिलेले घड्याळ तबकडी वर ठेवून टायमिंग मशीनवर लावावे. झोका साधारण 270 अंशांऐवजी 200च्या आसपास आला असेल, तर दिवसाचा फरक शून्य दिसत असला तरी आधी सफाई आणि तेलपाणी करून घ्यावे. तेव्हा केवळ वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर सरकवून वेळ जुळवली, तर कोरड्या घर्षणाची झीज तशीच चालू राहते.