पाहुण्यांच्या ओळखीचा कागद आणि सुलभाताईंची पेन्सिल

श्रुती, बी-३०४: उद्या पाहुण्यांची ओळख मी करून देणार आहे. घड्याळ लावून वाचलं तर दीड मिनिट होतंय, पण दुसऱ्या वाक्यात दम लागतो. सुलभाताई, बघता का?

"आपल्या मागच्या जुन्या वाड्यातल्या शाळेत गेली २२ वर्षे दिवसा कामावर जाणाऱ्या मुलांना रात्री गणित शिकवणाऱ्या आणि त्यातल्या कित्येकांना दहावी पार करून देणाऱ्या बाई आज आपल्या प्रमुख पाहुण्या आहेत."

जयंतकाका, ए-१०१: वाक्य झकास आहे. एका दमात म्हण, रुबाब येतो.

सुलभाताई, सी-२०२: जयंतराव, एका दमात म्हटलं तर "पाहुण्या आहेत" कुणाला ऐकूच येणार नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि दम तिथेच संपतो. श्रुती, तू "शिकवणाऱ्या", "देणाऱ्या" अशी विशेषणं एकापुढे एक लावली आहेस. श्वासाची खूण कुठे करायची, असा प्रश्न पडला की आधी वाक्य तोडायचं. असं करून बघ. / म्हणजे अर्धा थांबा, मनात 'एक' म्हणायचं. // म्हणजे पूर्ण, 'एक-दोन'. ✓ म्हणजे श्वास. ठळक शब्दावर जोर.

आपल्या मागे / जुन्या वाड्यातल्या शाळेत // ✓
एक बाई *२२* वर्षे / गणित शिकवत आहेत. // ✓
त्यांची मुलं दिवसा कामावर जातात, / शाळेत *रात्री* येतात. // ✓
त्या बाई / आज आपल्या प्रमुख पाहुण्या आहेत. // ✓
(नाव)

श्रुती, बी-३०४: "जुन्या"च्या पुढेच थांबले तर?

सुलभाताई, सी-२०२: मग शाळा जुनी होते, वाडा नाही. म्हणून ते दोन शब्द एका दमात. तसंच "सोसायटीच्या / वतीने" असं कधी तोडायचं नाही. श्वास घ्यायचा तो अर्थ पुरा झाल्यावर, आणि छाती रिकामी होण्याआधी. अर्ध्या थांब्यावर घेऊ नकोस, घाईत ओढलेला श्वास माइकवर फुस्स ऐकू येतो. पूर्ण थांब्यावर तोंड जरा बाजूला करून सावकाश घ्यायचा.

जयंतकाका, ए-१०१: आणि नाव सगळ्यात शेवटी का? लोक ताटकळतात.

सुलभाताई, सी-२०२: ताटकळू देत की! नाव मधेच घेतलं तर टाळ्या तिथेच पडतात आणि पुढची दोन वाक्यं वाहून जातात. मागच्या वर्षी तेच झालं, पाहुण्यांचं काम काय हे कुणालाच कळलं नाही. नावाआधीचा थांबा सगळ्यात लांब, त्यातच श्वासही भरून घे. नाव आणि आडनाव मात्र न तोडता. मग कागदाकडे न बघता पाहुण्यांकडे बघ. टाळ्या नाहीच पडल्या तर मनात दोन मोजून पुढे जा, वाट बघत उभी राहू नकोस.

श्रुती, बी-३०४: मी जोरासाठी आठ शब्द अधोरेखित केले होते 😅 तुम्ही दोनच ठेवलेत.

सुलभाताई, सी-२०२: सगळ्यावर जोर दिला की रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखं होतं. एका वाक्यात फार तर एक. आणि जोर म्हणजे ओरडणं नाही, तो शब्द किंचित सावकाश म्हणायचा. "२२" ऐवजी "वर्षे" वर जोर गेला तर ऐकणाऱ्याला आकडा राहतच नाही.

श्रुती, बी-३०४: काल कागदावर उभ्या काड्या मारल्या होत्या. "मुलं" नंतरची काडी काना वाटली आणि मी चक्क "मुला" वाचलं!

सुलभाताई, सी-२०२: 😂 मराठीत उभी काडी नकोच, काना नाही तर दंड वाटतो. तिरपी आणि लाल, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडून. खाली रेघही नको, ती उकारात मिसळते. जोराच्या शब्दाला पिवळा रंग दे. अक्षर मोठं, ओळीत अंतर, आणि जिथे श्वास तिथेच ओळ संपव, म्हणजे डोळा आपोआप थांबतो. वाक्य मधेच सोडून पान उलटावं लागू नये.

सचिव: ताई, एक सांगू? स्टेज ए आणि बी विंगच्या मधे आहे. तिथे आवाज भिंतीवर आपटून परत येतो.

सुलभाताई, सी-२०२: बरं झालं सांगितलंत. मग घरात मोजलेले थांबे तिथे अपुरे पडतील. श्रुती, आधीचा शब्द विरला की पुढचा घे. साउंड तपासताना एकदा हाच कागद वाच. मी शेवटच्या रांगेत उभी राहते, शब्द एकमेकांवर चढले तर हात वर करीन.

श्रुती, बी-३०४: आत्ता खुणांसकट वाचलं. वाक्यं छोटी झाली, तरी १ मिनिट ५० सेकंद. २० सेकंद वाढले.

सचिव: चालेल. ते २० सेकंद आभारप्रदर्शनातून कापू.

जयंतकाका, ए-१०१: आभार मी मानणार आहे!! ताई, माझ्याही कागदावर खुणा करून द्या.

सुलभाताई, सी-२०२: पाठवा. पहिल्या पानाखाली // करते, तिथेच बसायचं.