अप्पम: मधला भाग कच्चा राहतो

>> कडा छान जाळीदार होतात, पण मध्ये कच्चंच राहतं. आच वाढवू का?

आच वाढवू नका, उलटं होईल. अप्पचट्टी, म्हणजे अप्पमची खोलगट कढई, फार तापली की पीठ ओतल्या जागीच धरतं, फिरवलं तरी वर चढत नाही आणि मध्ये जाड गोळा बसतो. कोचीला आमच्या घरमालकीणबाई मध्यम आचेवर एक डाव पीठ घालून, दोन्ही कान धरून लगेच एकदाच गोल फिरवायच्या. मग अर्धा मिनिट उघडंच. मध्ये छिद्रं पडली की आच मंद करून झाकण, साधारण दोन मिनिटं. झाकणाच्या आतलं पाणी मात्र दरवेळी पुसायचं, नाहीतर ते ठिबकून जाळी मऊ पडते (माझे पहिले चार असेच गेले). कडा आपोआप सुटली आणि मधे बोटाला चिकटलं नाही की काढा. उलटायचं नाही.